स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे मोठा फोटो नव्हे

विकिमीडिया कॉमन्स या मुक्त भांडारात एखाद्या किल्ल्याचा फोटो चढवला, की काम जवळजवळ तिथंच संपतं. फोटोचं पान लगेच तयार होतं, त्यावर रुंदी आणि उंचीचे पिक्सेल दाखवणारी ओळ येते आणि तो फोटो मराठी विकिपीडियाच्या कोणत्याही लेखात लावायला मोकळा होतो. त्याच भांडारात, त्याच मार्गानं जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ चढवली, तर वेगळाच कारभार सुरू होतो. फाइल मोठी असल्यामुळे ती तुकड्यातुकड्यांनी पाठवावी लागते. पोहोचल्यावर मापाच्या ओळीत पानांची संख्याही दिसू लागते, चित्राशेजारी पुढचं पान आणि मागचं पान यांचे दुवे येतात, आणि एखाद्या वेळी मापाच्या जागी नुसतं `0 × 0` उमटतं आणि चित्र दिसतच नाही.

नवा स्वयंसेवक इथं गोंधळतो, आणि त्याचं गोंधळणं रास्त आहे. त्यानं तर प्रत्येक पानाचा फोटोच काढलेला असतो. एक फोटो सुरळीत जातो, मग तसेच १८४ फोटो एकत्र बांधून पाठवले तर एवढी भानगड का? याचं उत्तर आकारमानात आहे असं बहुतेकांना वाटतं. फाइल मोठी असणं हे खरंच अडचणीचं असतं, पण ते मुख्य कारण नाही. मुख्य कारण असं, की पीडीएफ ही जातच वेगळी आहे आणि सर्व्हरला ती ‘दाखवता’ येत नाही. ती आधी रंगवून घ्यावी लागते.

फोटोची जेपीजी फाइल बघा. तिच्या सुरुवातीच्या भागातच चित्र किती रुंद आणि किती उंच आहे ते लिहिलेलं असतं, आणि पुढं त्या चित्राचे ठिपके दाबून भरलेले असतात. बाकी फारसं काही नसतं. जगातल्या प्रत्येक ब्राउझरला ही फाइल उलगडता येते. सर्व्हरचं काम एवढंच, की सुरुवात वाचून माप टिपून ठेवायचं आणि लेखात लावण्यासाठी चित्राच्या लहान प्रती करून द्यायच्या. वाटेत नेट तुटलं आणि अर्धीच फाइल पोहोचली, तरी पुष्कळदा चित्राचा वरचा अर्धा भाग दिसतो.

पीडीएफचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. अडोबी कंपनीनं १९९३ साली ती आणली, आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. एका यंत्रावर मांडलेलं पान दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर आणि छपाईतही जसंच्या तसं उमटावं, हा तिचा हेतू होता. त्यामुळे पीडीएफमध्ये पान हे कागदाच्या मापात सांगितलेलं असतं. तिथं पिक्सेलला स्थान नाही. एकक आहे पॉइंट, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ए-४ कागद म्हणजे ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच. अशा पानावर काय कुठं ठेवायचं याच्या सूचना पीडीएफमध्ये क्रमानं लिहिलेल्या असतात. अमुक अक्षर इथं ठेव, अमुक रेघ इथून तिथं ओढ, अमुक चित्र या चौकटीत ताणून बसव. स्कॅन केलेल्या पुस्तकाच्या पीडीएफमध्ये बहुतेक पानांवर यातली शेवटची एकच सूचना असते, म्हणून ती आपल्याला फोटोंचा गठ्ठा वाटते. पण सूचना असते हे खरं. ठिपक्यांनी भरलेलं चित्र वेगळं आणि ते कागदावर किती मोठं बसवायचं हा हिशोब वेगळा. या दुसऱ्या हिशोबातच पुढच्या निम्म्या अडचणी दडलेल्या आहेत.

आणखी एक गंमत म्हणजे पीडीएफ शेवटाकडून वाचावी लागते. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी तिच्या शेवटी एक सूची असते आणि फाइलच्या पोटातली कोणती वस्तू कुठं ठेवली आहे ते त्या सूचीवरून कळतं. वाचणारा प्रोग्राम आधी शेवटच्या ओळींवर जातो, तिथं `startxref` हा शब्द शोधतो आणि त्यावरून मागं येतो. म्हणून अर्धवट पोहोचलेल्या पीडीएफचं पहिलं पानही धड उघडेल याची खात्री नसते. फोटोच्या बाबतीत अर्धं पोहोचलं तर अर्धं दिसतं. इथं शेपूट तुटली तर डोकंही सापडत नाही.

आता सर्व्हरच्या बाजूनं बघू. कॉमन्स ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतं, तिच्यात पीडीएफसाठी वेगळा जोड आहे. फाइल आली की `pdfinfo` हा छोटा प्रोग्राम पानं मोजतो आणि प्रत्येक पानाचं माप घेतो. `pdftotext` हा दुसरा प्रोग्राम पानाच्या पोटात मजकूर लपलेला असेल तर तो बाहेर काढतो. आणि प्रत्यक्ष चित्र हवं असेल तेव्हा घोस्टस्क्रिप्ट हा तिसरा प्रोग्राम त्या पानाच्या सूचना वाचून ते रंगवतो. बारावं पान ८०० पिक्सेल रुंदीत मागितलं, की सर्व्हरवर अशा नावाची एक नवी जेपीजी तयार होते:

```
page12-800px-Pustak.pdf.jpg
```

नावातच सगळी हकीकत आहे. पुस्तक पीडीएफ, पान बारावं, रुंदी ८००, आणि वाचकापुढं येतं ते जेपीजी. म्हणजे कॉमन्सवर आपण पुस्तकाचं पान बघतो तेव्हा आपण स्वयंसेवकाचा मूळ स्कॅन बघत नाही. त्यावरून सर्व्हरनं नव्यानं रंगवलेलं चित्र बघतो. फोटोचं तसं नसतं. तिथं एका टिचकीवर मूळ फाइल जशीच्या तशी समोर येते. पानं अशी मागणीनुसार रंगवली जातात, सगळी आधी तयार करून ठेवलेली नसतात, म्हणून एखाद्या पुस्तकाचं कधीच न उघडलेलं पान पहिल्यांदा उघडताना उशीर लागतो आणि दुसऱ्यांदा ते चटकन येतं.

या रंगवण्याच्या कामाला वेळेची आणि मेमरीची मर्यादा घालावी लागते, कारण अनोळखी माणसाची फाइल वाचून तिच्यातल्या सूचना पाळायच्या हे जोखमीचं काम आहे. घोस्टस्क्रिप्टमध्ये पूर्वी सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडलेल्या आहेत, त्यामुळे जाणती संकेतस्थळं तो बंदिस्त जागेत चालवतात. मर्यादा ओलांडली की रंगवणं मध्येच थांबतं आणि आपल्याला चित्राऐवजी चुकीचा संदेश दिसतो. `0 × 0` या मापाचा अर्थ मात्र निराळा. पानं मोजण्याचं आणि मापं घेण्याचं पहिलंच काम फसलं आहे, असं ते सांगतं. फाइलच्या पानाच्या पत्त्यापुढं `?action=purge` जोडून सर्व्हरला पुन्हा मोजायला लावलं, तर पुष्कळदा माप येतं. तरीही शून्यच राहिलं तर फाइलमध्येच बिघाड आहे असं समजावं आणि ती नव्यानं बांधावी.

मापाचा घोळ एका उदाहरणानं नीट कळेल. डेमी आकाराचं एक जुनं पुस्तक घ्या, साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच, १८४ पानांचं. ते इंचाला ३०० ठिपके या घनतेनं स्कॅन केलं. प्रत्येक पानाचं चित्र १६५० पिक्सेल रुंद आणि २५५० उंच झालं. छापील मराठी मजकूर वाचायला हे पुरेसं आहे. अनुस्वार, रफार, जोडाक्षरं सगळं स्पष्ट दिसतं. या चित्रांची पीडीएफ बांधताना बांधणाऱ्या प्रोग्रामनं घनता ३०० अशीच नोंदवली, तर पानाचं माप ३९६ × ६१२ पॉइंट येतं. म्हणजे खऱ्या पुस्तकाएवढंच. मीडियाविकीचा जोड पीडीएफचं पान एरवी इंचाला १५० या हिशोबानं मोजतो आणि रंगवतो. त्यामुळे कॉमन्सवर माप दिसेल ८२५ × १२७५. स्कॅनमध्ये होते त्याच्या निम्मे. चढवणाऱ्याला वाटतं की संकेतस्थळानं आपला स्कॅन बिघडवला. तसं नसतं. फाइलमध्ये सगळे ठिपके शाबूत असतात; फक्त रंगवताना कागदाच्या मापावरून हिशोब झालेला असतो.

आता तीच चित्रं मोबाइलवरच्या एखाद्या ॲपनं बांधली असं धरू. काही ॲप एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट असं सरळ धरून चालतात. मग पानाचं माप होतं १६५० × २५५० पॉइंट, म्हणजे सुमारे २३ इंच रुंद आणि ३५ इंच उंच. डेमी पुस्तकाचं पान कागदोपत्री भिंतीवरच्या नकाशाएवढं झालं. सर्व्हर बिचारा ते इंचाला १५० नं रंगवायला बसतो आणि साधारण ३४३७ × ५३१२ पिक्सेलचं चित्र तयार करतो. स्कॅनमध्ये होते त्याच्या चौपटीहून जास्त ठिपके, आणि त्यांत नवीन माहिती काडीचीही नाही. काम मात्र चौपट. पानं उघडायला उशीर होतो आणि अधूनमधून काम मर्यादेबाहेर जाऊन पान कोरं राहतं. उलट बाजूनंही बिघडतं. त्याच चित्रांवर घनता चुकून ६०० अशी नोंदली गेली, तर पान पावणेतीन इंच रुंदीचं ठरतं, सर्व्हर ते जेमतेम ४१२ पिक्सेलमध्ये रंगवतो, आणि उत्तम स्कॅन असूनही ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक करता येत नाही.

एकट्या फोटोच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. जेपीजीच्या आतही घनतेची नोंद असते, तिथं ७२ असो की ६००, पडद्यावर दाखवताना तिच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. ठिपके मोजले जातात, संपलं. म्हणूनच फोटो चढवण्यात वर्षं घालवलेल्या माणसालाही पीडीएफची ही खोड माहीत नसते.

चढवण्याआधी हे तपासणं अवघड नाही. अडोबी रीडरमध्ये फाइल उघडून `Ctrl+D` दाबलं की पानाचं माप इंचात किंवा मिलिमीटरमध्ये दिसतं. डेमी पुस्तकाचं पान २३ इंची दिसलं तर काहीतरी चुकलं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ज्यांना आज्ञा टाइप करून काम करायची सवय आहे, त्यांना `pdfinfo` हेच सांगेल, आणि `pdfimages -list` प्रत्येक पानातल्या चित्राचे खरे पिक्सेल आणि त्याची कागदावरची घनता शेजारीशेजारी दाखवेल. चुकीची पीडीएफ दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ चित्रांवरून नवी बांधणं मला जास्त भरवशाचं वाटतं:

```
img2pdf --imgsize 300dpi *.jpg -o Pustak.pdf
```

हा प्रोग्राम जेपीजी पुन्हा दाबत नाही, जशीच्या तशी पीडीएफमध्ये ठेवतो, त्यामुळे दर्जा घसरत नाही. पुस्तकाचा टाइप बारीक असेल, तळटीपा असतील, तर ३०० च्या जागी मुद्दाम १५० लिहावं. मग पान अकरा इंच रुंद ठरतं, सर्व्हर ते बरोबर १६५० × २५५० मध्ये रंगवतो आणि स्कॅनचा एकही ठिपका वाया जात नाही. कागदाचं माप खोटं होतं हे खरं, पण वाचकाला अक्षर स्पष्ट दिसतं, आणि या कामात मी अक्षराच्या बाजूनं कौल देईन. खरं माप पुस्तकाच्या माहितीत शब्दांत लिहून ठेवता येतं.

वरच्या आज्ञेत एक खाच आहे. चित्रांची नावं १, २, ३ अशी साधी ठेवली असतील तर संगणक ती अक्षरांच्या क्रमानं लावतो, आणि १ नंतर १० येतं, १०० येतं, २ पुष्कळ नंतर येतं. नावं ००१, ००२ अशी ठेवली की क्रम जागेवर राहतो. ही बारीक गोष्ट वाटेल, पण पीडीएफच्या बाबतीत क्रमच सगळं आहे.

त्याचं कारण मराठी विकिस्रोतावर दिसतं. विकिस्रोत हे जुनी पुस्तकं अक्षरशः टाइप करून, मूळ पानाशी ताडून ठेवण्याचं ठिकाण. तिथं पीडीएफ कॉमन्सवरून येते आणि तिच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता मिळतो. पुस्तकाच्या पंचावन्नाव्या पानाचा पत्ता असतो `पान:Pustak.pdf/55`. डावीकडं टंकलेला मजकूर, उजवीकडं सर्व्हरनं रंगवलेलं पान. स्वयंसेवक दोन्ही ताडून बघतो. पत्त्यातला ५५ हा आकडा पुस्तकावर छापलेला पृष्ठक्रमांक नसतो, तर पीडीएफमधला क्रम असतो. मुखपृष्ठ, नामपत्र, अर्पणपत्रिका, प्रस्तावना धरून पुस्तकाचं छापील पहिलं पान समजा पीडीएफमध्ये नववं आलं. हा मेळ अनुक्रमणिकेच्या पानावर असा नोंदवतात:

```
<pagelist 1="मुखपृष्ठ" 2to8="–" 9=1 />
```

आता समजा स्कॅन करताना दोन पानं एकमेकांना चिकटून उलटली गेली आणि छापील ४७ आणि ४८ ही पृष्ठं राहूनच गेली. चढवताना कोणाच्या लक्षात आलं नाही. पीडीएफमध्ये ५५ व्या जागी ४७ वं पृष्ठ असायला हवं होतं, तिथं ४९ वं आलं. काम सुरू झालं, पीडीएफच्या १२० व्या पानापर्यंत मजकूर टंकून झाला, आणि मग कथेचा धागा तुटतो आहे हे एका वाचणाऱ्याला जाणवलं. कोणीतरी ग्रंथालयात जाऊन ती दोन पृष्ठं स्कॅन करून आणली, पीडीएफमध्ये योग्य जागी घातली आणि जुन्या फाइलच्या जागी नवी, १८६ पानांची फाइल चढवली.

फोटोच्या बाबतीत असं केलं असतं तर काम फत्ते. सुधारलेला फोटो जुन्याच्या जागी येतो आणि तो जिथं जिथं लावला असेल तिथं आपोआप बदलतो. पीडीएफमध्ये मात्र या एका कृतीनं ६६ पानं बिघडतात. `पान:Pustak.pdf/55` वर टंकलेला मजकूर ४९ व्या पृष्ठाचा आहे, पण शेजारी चित्र आता ४७ व्या पृष्ठाचं दिसतं. ५६ ची तीच गत, ५७ ची तीच, थेट १२० पर्यंत. मजकूर आणि चित्र दोन घरं सरकले. बाहेरून बघणाऱ्याला फाइल दुरुस्त झाल्यासारखी दिसते. मजकूर ताडायला बसल्यावर कळतं. दुरुस्ती म्हणजे प्रत्येक पानाचं स्थलांतर, आणि तेही शेवटाकडून. आधी १२० चं १२२ वर न्यायचं, मग ११९ चं १२१ वर, असं करत ५५ पर्यंत यायचं. सुरुवातीकडून निघालात तर ५५ चा मजकूर ५७ वर ठेवायला जागाच नसते, तिथं आधीच दुसरा मजकूर बसलेला असतो. शिवाय प्रकरणांची पानं `from=` आणि `to=` असे आकडे देऊन बांधलेली असतात, ते सगळे आकडे बदलावे लागतात, आणि वरची `pagelist` ही तपासावी लागते.

म्हणून मला वाटतं, पुस्तक चढवण्याआधीचा सगळ्यात मोलाचा अर्धा तास हा पानं मोजण्याचा असतो. पीडीएफमधलं शेवटचं छापील पान बघायचं, तिथला क्रमांक आणि पीडीएफमधला क्रम यांतला फरक काढायचा, आणि तोच फरक पुस्तकाच्या मध्यावर आणि चौथाईवरही येतो का ते बघायचं. वरच्या पुस्तकात हा फरक आठ होता. शेवटाला तो सहा भरला तर दोन पानं मधेच गळाली आहेत, दहा भरला तर दोन पानं दोनदा आली आहेत. मध्ये बिनआकड्याची चित्रपृष्ठं असतील तर ती मोजून वजा करायची. मग फरक कुठं बदलतो ते निम्मं निम्मं करत शोधलं की जागा लवकर सापडते. गळालेली पानं ताबडतोब मिळण्यासारखी नसतील, तर त्यांच्या जागी कोरी पानं घालून ठेवावीत. पुढं खरी पानं मिळाली की कोऱ्यांच्या जागी ती येतील आणि बाकीच्या पानांचे पत्ते हलणार नाहीत.

फोटोत नसणारी आणखी एक गोष्ट पीडीएफमध्ये असू शकते, ती म्हणजे चित्रामागं लपलेला अदृश्य मजकूर. काही स्कॅनर आणि ॲप पान टिपल्यावर अक्षरओळख करून तो मजकूर पानावर न दिसेल असा पसरून ठेवतात. विकिस्रोतावर पान नव्यानं उघडलं की हाच मजकूर टंकनाच्या चौकटीत आपोआप येतो. अक्षरओळख मराठीसाठी लावलेली असेल तर अर्धं काम वाचतं. ती इंग्रजीसाठी लावलेली असेल, आणि पुष्कळदा असते, तर देवनागरी पानाचं रोमन अक्षरांतलं अर्थहीन कडबोळं चौकटीत येऊन पडतं. तपासायची युक्ती सोपी: पीडीएफ उघडून एखादा परिच्छेद निवडायचा, कॉपी करायचा आणि दुसरीकडं पेस्ट करून बघायचा. कडबोळं आलं तर असला मजकूर काढून टाकलेली पीडीएफ चढवलेली बरी. विकिस्रोतावर अक्षरओळखीची सोय आहे, तिच्यात टेसेरॅक्टसारखी मराठी जाणणारी यंत्रणा निवडता येते. रिकाम्या पानावरून सुरुवात करणं हे चुकीचा मजकूर पुसत बसण्यापेक्षा केव्हाही सोपं.

राहिला हक्कांचा प्रश्न, आणि इथं फरक सगळ्यात ठळक होतो. किल्ल्याचा फोटो मी काढला असेल तर तो माझा. ‘स्वतःचं काम’ हा पर्याय निवडायचा, परवाना द्यायचा, झालं. पुस्तक स्कॅन करणारा माणूसही पुष्कळदा हाच पर्याय निवडतो, कारण स्कॅन करण्यात त्यानं चार दिवस घातलेले असतात. पण छापील पानाची हुबेहूब नक्कल करण्यानं कॉमन्स कोणाला नवा हक्क देत नाही. तिथं विचारतात ते लेखक कोण, त्याचं निधन केव्हा झालं आणि पुस्तक केव्हा प्रसिद्ध झालं. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं, म्हणून त्यांचं लेखन भारतात २०११ च्या सुरुवातीला मुक्त झालं. कॉमन्सचं धोरण मात्र पुस्तक मूळ देशात आणि अमेरिकेतही मुक्त असावं असं सांगतं, आणि अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशोब लागू होऊ शकतो. त्यामुळे भारतात मुक्त असलेलं प्रत्येक पुस्तक कॉमन्सवर चालेलच असं नाही.

त्यातही पुस्तक एका माणसाचं नसतं. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या कादंबऱ्यांवर आता कोणाचा हक्क नाही. पण ग्रंथालयातून हाती येते ती पुष्कळदा नंतरची आवृत्ती, आणि तिच्यात एखाद्या अभ्यासकाची विस्तृत प्रस्तावना असते, नव्या चित्रकाराचं मुखपृष्ठ असतं, संपादकाच्या टिपा असतात. ती मंडळी हयात असतील किंवा त्यांना जाऊन थोडीच वर्षं झाली असतील, तर त्यांची पानं मुक्त नाहीत. फोटोत एक निर्माता असतो, म्हणून एक उत्तर पुरतं. पीडीएफमध्ये पान उलटलं की निर्माता बदलू शकतो, आणि फाइल मात्र एकच असते. एका प्रस्तावनेपायी सगळी फाइल काढून टाकली जाऊ शकते. शक्य असेल तर लेखकाच्या काळातली आवृत्ती शोधावी. तीच एक मिळत असेल, तर हक्क शिल्लक असलेली पानं काढून त्या जागी कोरी पानं घालावीत, म्हणजे क्रमही टिकतो.

एकच चित्र, एकच नकाशा, एकच पत्र चढवायचं असेल तर ते पीडीएफमध्ये गुंडाळू नका, सरळ जेपीजी चढवा. पीडीएफचा सगळा खटाटोप तिथं विनाकारण होतो. पुस्तक असेल, मासिकाचा अंक असेल, पानांचा क्रम जपायचा असेल, तर पीडीएफ हवीच. आणि पीडीएफ चढवून झाली तरी पानांचे मूळ स्कॅन पुसू नका. माप चुकलेलं निघेल, पान गळालेलं निघेल, प्रस्तावना काढावी लागेल. पुन्हा बांधायची वेळ आली तर ती बांधता येते फक्त त्या मूळ चित्रांवरूनच.